चौदा वर्षांनंतर मृत्यूची नोंद : दोन पत्रे आणि मधला एक आदेश

घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीचे निधन झाले, अंत्यविधी पार पडला, स्मशानभूमीची पावती मिळाली आणि तेवढ्याने मृत्यूची नोंद झाली, असा समज अनेक कुटुंबांत आढळतो. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर नोंदीची माहिती देण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते, म्हणून तेथे हा समज फारसा नडत नाही. घरी झालेल्या मृत्यूबाबत मात्र कायद्याने ही जबाबदारी कुटुंबप्रमुखावर टाकली आहे आणि स्मशानातील वहीत नाव चढणे ही मृत्यू-नोंद नव्हे. ही उणीव बहुधा कित्येक वर्षांनी, घर किंवा जमीन वारसांच्या नावे करावयाची वेळ आल्यावर उघडी पडते. तेव्हा नगरपरिषदेला नेमके कोणते पत्र द्यावे, हा प्रश्न उभा राहतो.

उदाहरणादाखल एक कुटुंब घेता येईल. इचलकरंजीत राहणाऱ्या या कुटुंबातील कर्ता पुरुष २००७ साली रुग्णालयात वारला. त्याच्या मृत्यूची नोंद रीतसर झाली. राहते घर त्याने स्वतःच्या कमाईतून घेतले होते आणि मृत्युपत्र केले नव्हते. मागे त्याची वृद्ध आई, पत्नी, एक मुलगा व एक मुलगी राहिली. आई, म्हणजे मुलांची आजी, २०११ च्या पावसाळ्यात जयसिंगपूरला आपल्या मुलीकडे महिनाभर राहण्यास गेली असता तेथेच, घरी, वार्धक्याने गेली. जयसिंगपुरातच अंत्यसंस्कार झाले. नोंद करावयाची राहून गेली. इचलकरंजीच्या लोकांना वाटले, ती आत्याकडे झाली असेल. आत्याला वाटले, घर इचलकरंजीला आहे, तेव्हा ती तिकडे झाली असेल.

२०२५ साली नातवाने घराच्या मिळकत पत्रिकेवर वारसांची नावे लावण्यासाठी अर्ज केला, तेव्हा नगर भूमापन कार्यालयाने वडिलांबरोबर आजीचाही मृत्यूचा दाखला मागितला. आजीचा का, हे प्रथम कोणाला उमगले नाही. हिंदू वारसा कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे आणि त्या कायद्यानुसार मृत मुलाची आई ही त्याच्या पत्नी व मुलांच्या बरोबरीने वारस असते. २००७ साली आजी हयात होती. म्हणून घराचे चार समान हिस्से पडले : पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई. पुढे आजी गेल्यावर तिचा चार आणे हिस्सा तिच्या वारसांकडे गेला. तिला अपत्ये दोनच, मृत मुलगा आणि जयसिंगपूरची मुलगी. त्यामुळे त्यातील निम्मा नातू व नात यांना मिळून आणि निम्मा आत्याला. घराच्या रुपयात आत्याचे दोन आणे झाले.

कार्यालयाबाहेर कागद तयार करून देणाऱ्या एका मध्यस्थाने नातवाला सोपा मार्ग सुचविला. आजी २००६ साली, इचलकरंजीच्या घरीच वारली असे लिहावे. म्हणजे ती मुलाच्या आधी गेली, तिला हिस्साच आला नाही आणि आत्याच्या सहीचीही गरज उरली नाही. “इतक्या वर्षांनी तारीख कोण बघतो?” असे त्याचे म्हणणे. उशिरा होणाऱ्या नोंदीत सर्वांत जास्त तपासली जाते ती तारीखच, हे त्याने सांगितले नाही.

कायद्याची चौकट प्रथम पाहू जाता ती तीन टप्प्यांची आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये मृत्यूची माहिती २१ दिवसांत द्यावयाची असते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून निबंधक स्वतः नोंद करू शकतात. ३० दिवसांनंतर एक वर्षाच्या आत विहित अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. एक वर्ष उलटून गेल्यावर मात्र कलम १३(३) लागू होते आणि नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करताच येत नाही. पूर्वी हा आदेश प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत असत. म्हणून जुन्या अनुभवाचे लोक अजूनही ‘कोर्टातून आदेश आणा’ असे सांगतात. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ पासून, हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला आहे. महाराष्ट्रात २०२५ च्या प्रारंभी उशिराच्या जन्मनोंदींत खोटी कागदपत्रे वापरल्याच्या तक्रारी पुढे आल्या. तेव्हापासून या अर्जांची छाननी अधिक काटेकोर झाली आहे आणि मृत्यूचे अर्जही त्याच वाटेने जातात.

यातून पहिली गोष्ट निष्पन्न होते ती अशी की, चौदा वर्षांपूर्वीच्या मृत्यूबाबत ‘आता नोंद करून द्यावी’ असे पत्र नगरपरिषदेला दिल्यास ते परत येणार, कारण निबंधकांना तो अधिकारच नाही. नगरपरिषदेला पत्रे द्यावयाची ती दोन, आणि दोन्हींची मागणी वेगळी. पहिल्या पत्रात नोंदीचा शोध मागावयाचा. त्यातून मिळालेला ‘नोंद आढळत नाही’ हा दाखला घेऊन दंडाधिकाऱ्यांकडे जावयाचे. त्यांचा आदेश हाती आल्यावर दुसऱ्या पत्राने त्या आदेशाप्रमाणे नोंद मागावयाची.

दुसरी गोष्ट ठिकाणाची. मृत्यूची नोंद मृत व्यक्ती जेथे राहत होती तेथे होत नाही, मृत्यू जेथे घडला तेथे होते. नातवाने प्रथम इचलकरंजीच्या कार्यालयात अर्ज देऊन नोंद नसल्याचा दाखला आणला होता. तो खरा होता, पण निरुपयोगी, कारण तेथे नोंद असण्याचे कारणच नव्हते. मध्यस्थाच्या सल्ल्याप्रमाणे ठिकाण बदलले असते तर तोच दाखला खोट्या अर्जाला जोडला गेला असता. योग्य कार्यालय जयसिंगपूरचे. मृत्यू खेड्यात झाला असता तर ते काम ग्रामपंचायतीकडे असते. मृत्यू १९७० पूर्वीचा असेल तर गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकातील नोंद तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधावी लागते. जुनी नोंद सापडली, तर तिची नक्कल पुरते आणि पुढचा सारा खटाटोप वाचतो.

पहिले पत्र आटोपशीर असावे. त्यात आजीचे गुणवर्णन, घराचा वाद किंवा दाखल्याची निकड यांना स्थान नाही. निबंधकांच्या लिपिकाला वही उघडून पाहता येईल एवढी आणि एवढीच माहिती हवी. नमुना असा होईल :

प्रति,
मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी,
जयसिंगपूर नगरपरिषद, जयसिंगपूर.

विषय : कै. ............ यांच्या मृत्यूच्या नोंदीचा शोध घेऊन उतारा मिळणेबाबत. नोंद नसल्यास तसा दाखला मिळणेबाबत.

महोदय,
माझी आजी कै. ............ (पतीचे नाव ............) हिचे दि. २२ जुलै २०११ रोजी जयसिंगपूर येथे, तिची मुलगी श्रीमती ............ यांच्या ............ या पत्त्यावरील राहत्या घरी निधन झाले. अंत्यसंस्कार त्याच दिवशी येथील स्मशानभूमीत झाले. तिचा कायमचा पत्ता ............, इचलकरंजी असा होता.
काही कागदपत्रांत तिचे नाव ............ असेही आढळते. तरी २०११ व २०१२ या दोन्ही वर्षांच्या मृत्यू नोंदवह्यांत दोन्ही नावांनी शोध घ्यावा. नोंद असल्यास तिचा प्रमाणित उतारा द्यावा. नोंद नसल्यास, नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र द्यावे. शोधाचे विहित शुल्क भरण्यास मी तयार आहे.

आपला विश्वासू,
............ (नातू)
सोबत : ओळखपत्राची प्रत, स्मशानभूमीच्या पावतीची प्रत.

या पत्रातील दोन बारकावे सहज वगळले जातात. एक, दोन वर्षांच्या वह्यांचा उल्लेख. उशिरा केलेली नोंद ही मृत्यूच्या वर्षाच्या वहीत नसून ज्या वर्षी नोंद झाली त्या वर्षाच्या वहीत असते. एखाद्या नातेवाइकाने काही महिन्यांनी ती केली असण्याची शक्यता नाकारता येत नाही आणि नोंद असताना दुसरी नोंद करून घेणे हा वेगळाच घोटाळा होतो. दुसरा, नावातील फरक. आजीचे नाव शिधापत्रिकेवर पद्मावती आणि बँकेच्या पुस्तकावर पद्माबाई असेल, तर एकाच नावाने घेतलेला शोध अपुरा ठरतो आणि दंडाधिकाऱ्यांकडील छाननीत तो पुन्हा करावा लागतो. पत्राची दुसरी प्रत न्यावी आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. मागणीप्रमाणे मिळणारा दाखला नमुना १० म्हणून ओळखला जातो. तो हाती आल्यावर त्यात शोध घेतलेली वर्षे व नाव बरोबर लिहिले आहे की नाही, हे तेथेच पाहावे.

आता तारीख. कुटुंबाच्या स्मरणात बहुधा तिथी असते. आजीची पुण्यतिथी नातवाच्या घरी आषाढ वद्य पक्षात पाळली जाई. आत्याच्या सासरी मारवाडी पंचांग असल्याने तिने घरच्या वहीत मात्र ‘श्रावण वद्य’ असे लिहून ठेवले होते. दोघांचेही बरोबर होते. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. उत्तरेकडील व राजस्थानी परंपरेत तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्हींचे महिने जुळतात, पण वद्य पक्षात राजस्थानी पंचांग एक महिना पुढचे नाव घेते. २०११ साली आपला आषाढ वद्य पक्ष १६ ते ३० जुलै या दिवसांत आला. कोणी आत्याच्या वहीतील ‘श्रावण वद्य’ मराठी पंचांगात शोधले असते तर त्याला ऑगस्टचा उत्तरार्ध मिळाला असता आणि प्रतिज्ञापत्रात सरळ एका महिन्याची चूक शिरली असती.

पक्ष ठरला, तरी दिवसाचा प्रश्न उरला. आत्या म्हणे, “आई गुरुवारी रात्री गेली.” गुरुवार २१ जुलैचा. स्मशानभूमीच्या वहीत मात्र २२ जुलै, सकाळ, अशी नोंद होती. विचारता असे कळले की, प्राण गेला तो रात्री दोनच्या सुमारास. बोलण्यात आपण ती गुरुवारची रात्र म्हणतो, पंचांगातील वारही सूर्योदयापर्यंत बदलत नाही. शासकीय नोंदीत मात्र रात्री बारानंतर पुढची तारीख लागते. म्हणून मृत्यूची तारीख शुक्रवार, २२ जुलै २०११ अशी लिहावी लागते. येथे स्मशानाच्या वहीतील तारीख आणि मृत्यूची तारीख एकच निघाली, पण नेहमी तसे नसते. स्मशानातील तारीख ही दहनाची असते. संध्याकाळी मृत्यू झाला आणि परगावच्या नातेवाइकांची वाट पाहून दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्कार झाले, तर दोन तारखांत एका दिवसाचे अंतर पडते. ते अंतर अर्जात एका वाक्यात उलगडून सांगावे. न सांगितल्यास तपासणाऱ्याला ती विसंगती वाटते.

तारीख कशावरून सिद्ध होते? यात पहिला मान स्मशानभूमीच्या नोंदीला आहे, कारण ती त्याच दिवशी, त्या वेळी कोणताही हेतू नसलेल्या त्रयस्थाने केलेली असते. पावती हरवली असली तरी स्मशानाची वही ज्या संस्थेकडे वा नगरपरिषदेकडे असते तेथून उतारा मागता येतो. त्याखालोखाल छापील आणि दिनांकित कागद येतात. समाजाच्या मासिकात किंवा स्थानिक वृत्तपत्रात आलेली निधनवार्ता हा असा कागद आहे. आजीची वार्ता ऑगस्ट २०११ च्या अंकात छापली गेली होती. तो अंक वाचनालयाच्या गठ्ठ्यात सापडला आणि ग्रंथपालाने मुखपृष्ठासह त्याची प्रत करून दिली. मंदिराच्या ट्रस्टची ‘कै. आजींच्या स्मरणार्थ’ अशी देणगीची पावती, शिधापत्रिकेतून नाव कमी केल्याची नोंद, डॉक्टरांनी १५ जुलै २०११ रोजी लिहून दिलेली औषधाची चिठ्ठी, हे सारे पूरक पुरावे. औषधाच्या चिठ्ठीने मृत्यू सिद्ध होत नाही, पण त्या दिवशी आजी हयात होती आणि जयसिंगपुरात होती, हे सिद्ध होते. चांगला पुरावा तारखेला दोन्ही बाजूंनी असा कुंपण घालतो : या दिवसापर्यंत व्यक्ती होती, या दिवसानंतर नव्हती.

याच कुंपणामुळे २००६ ची तारीख टिकली नसती. बँकेच्या पुस्तकात २००९ व २०१० साली आजीच्या अंगठ्याने पैसे काढल्याच्या नोंदी होत्या, छापील वार्ता २०११ ची होती आणि जयसिंगपुरातील शेजारी तिला ओळखत होते. उशिराच्या अर्जावर स्थानिक चौकशी होते, पोलिसांचा अहवाल मागविला जाऊ शकतो, जाहीर सूचनेने हरकती मागविल्या जातात. आत्याने किंवा तिच्या मुलांनी एक हरकत घेतली असती तरी अर्ज कोसळला असता. खोटी माहिती देऊन नोंद करून घेणे हा नोंदणी कायद्याखाली गुन्हा आहे आणि खोट्या प्रतिज्ञापत्राची शिक्षा त्याहून जड आहे. शिवाय त्या नोंदीच्या आधारे घर विकले असते, तर खरेदीदाराचा हक्कही पुढे कधीतरी संकटात आला असता.

नातवाने आईला मध्यस्थाचे म्हणणे सांगितले. सून म्हणून जिने आजीची सेवा केली होती, तिला ते ऐकवले नाही. ती म्हणाली, “सासूबाई या घरात २००८ ची दिवाळी आमच्याबरोबर बसून जेवल्या. त्या नव्हत्या असं मी कसं लिहून देऊ?” दुसऱ्या दिवशी मायलेक जयसिंगपूरला गेले.

दंडाधिकाऱ्यांकडील अर्जात आत्याचे प्रतिज्ञापत्र हाच मुख्य आधार होता, कारण मृत्यू तिच्या घरी झाला. कायद्याप्रमाणे माहिती देण्याची जबाबदारी त्या घराच्या प्रमुखाची, म्हणजे तिच्या दिवंगत पतीची होती, आणि मृत्यूच्या वेळी जवळ असलेली हयात व्यक्ती तीच. अशा प्रतिज्ञापत्रात चार गोष्टी स्पष्ट याव्यात : सांगणाऱ्याचे मृताशी नाते, मृत्यूची तारीख, वेळ व ठिकाण, त्या वेळी तो स्वतः तेथे हजर होता की ऐकीव सांगतो आहे, आणि नोंद का राहिली. चौथ्या गोष्टीवर लोक सर्वांत जास्त अडखळतात आणि ‘अज्ञानामुळे’ असा एक शब्द लिहून मोकळे होतात. त्याऐवजी घडले तसे लिहावे. या अर्जात ते असे लिहिले गेले :

“मृत्यू माझ्या घरी झाला. माझ्या आईचे कायमचे वास्तव्य इचलकरंजी येथे असल्याने नोंद तेथे केली जाईल, असा माझा व माझ्या पतीचा समज झाला. इचलकरंजीच्या कुटुंबियांचा समज असा होता की, नोंद जयसिंगपूर येथे झाली आहे. त्यानंतर मृत्यूच्या दाखल्याची गरज न पडल्याने ही बाब लक्षात आली नाही. एप्रिल २०२५ मध्ये मिळकत पत्रिकेच्या कामी दाखला मागितल्यावर ती प्रथम निदर्शनास आली.”

यात दोष कबूल आहे, कारण आहे आणि बाब कधी उघडकीस आली तेही आहे. आत्याच्या प्रतिज्ञापत्राबरोबर अंत्ययात्रेस उपस्थित असलेल्या दोन शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडली. ती आत्याच्या प्रतिज्ञापत्राची शब्दशः नक्कल नसतील याची काळजी घेतली गेली. तीन माणसे तेच शब्द बोलू लागली, की तपासणाऱ्याला त्यामागे एकच लेखणी दिसते. प्रत्येकाने आपल्याला ठाऊक तेवढेच सांगावे. एका शेजाऱ्याने स्वच्छ लिहिले की, मृत्यूची वेळ त्याला माहीत नाही, पण पहाटे त्याला निरोप आला आणि सकाळी तो स्मशानात हजर होता.

अर्ज जयसिंगपूरवर अधिकारक्षेत्र असलेल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना उद्देशून होता. कलम १३(३) चा उल्लेख, नोंद नसल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्रे, स्मशानाच्या वहीचा उतारा, छापील वार्तेची प्रत, आजीचे व अर्जदाराचे ओळखीचे कागद आणि नाते दाखविणारी शिधापत्रिका, असा त्याचा आकार होता. सर्व कागदांना क्रमांक देऊन वर यादी लावली होती. मागणी एकच वाक्याची : दि. २२ जुलै २०११ रोजी जयसिंगपूर येथे झालेल्या मृत्यूची नोंद घेण्याचे निर्देश निबंधकांना द्यावेत. घराच्या वाटणीबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. दंडाधिकारी मृत्यूची सत्यता तपासतात, वारस ठरवीत नाहीत. हक्काचा वाद अर्जात आणला की, मूळ प्रश्न झाकोळतो आणि अर्ज ‘दिवाणी न्यायालयात जावे’ या शेऱ्याने परत येण्याची भीती असते.

जी व्यक्ती बेपत्ता आहे आणि वारली असावी असा केवळ तर्क आहे, तिच्यासाठी हा मार्ग नाही. सात वर्षे जिची खबर नाही तिच्या मृत्यूचे अनुमान दिवाणी न्यायालय करते आणि नोंद त्या निकालानंतरची गोष्ट असते. कलम १३(३) चा आदेश मागताना मृत्यू केव्हा आणि कोठे झाला हे सांगणारे कोणीतरी असावे लागते.

आदेश मिळाल्यावर त्याची प्रत अर्जदाराने ओळीने ओळ वाचावी. नाव, तारीख, ठिकाण यांत टंकलेखनाची चूक असेल तर ती आदेशातच दुरुस्त करून घ्यावी, कारण निबंधक आदेशात आहे तसेच लिहितात. मग दुसरे पत्र :

प्रति,
मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी,
जयसिंगपूर नगरपरिषद, जयसिंगपूर.

विषय : दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानुसार मृत्यूची विलंबित नोंद घेऊन दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : १) मा. उपविभागीय दंडाधिकारी यांचा आदेश क्र. ......, दि. ......
२) आपल्या कार्यालयाचे नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र क्र. ......, दि. ......

महोदय,
संदर्भ १ अन्वये कै. ............ यांच्या दि. २२ जुलै २०११ रोजी जयसिंगपूर येथे झालेल्या मृत्यूची नोंद घेण्याचे निर्देश देण्यात आले आहेत. आदेशाची प्रमाणित प्रत व भरलेला मृत्यू अहवाल (नमुना २) सोबत जोडला आहे. विहित विलंब शुल्क भरून घेऊन नोंद करावी आणि मृत्यूच्या दाखल्याच्या पाच प्रती द्याव्यात, ही विनंती.

आपला विश्वासू,
............ (नातू)

मृत्यू अहवालात मृत्यूचे कारण विचारलेले असते. घरी वार्धक्याने गेलेल्या व्यक्तीबाबत तेवढेच लिहावे. इतक्या वर्षांनी स्मरणावर विसंबून एखाद्या डॉक्टरकडून आजाराचे नाव लिहून आणण्याची गरज नाही. ते मूळ चिठ्ठ्यांशी जुळले नाही तर नवाच प्रश्न उपस्थित होतो. जनतेला दिल्या जाणाऱ्या दाखल्यावर मृत्यूचे कारण छापले जात नाही, तशी कायद्यातच तरतूद आहे.

दाखला हाती आला की खिडकीपाशीच तो तपासावा. त्यावर दोन तारखा असतात, मृत्यूची आणि नोंदणीची. आजीच्या दाखल्यावर मृत्यूची तारीख २०११ ची आणि नोंदणीची २०२५ ची आली. ते पाहून नातू क्षणभर दचकला, पण त्यात काहीच गैर नाही. उशिरा झालेली नोंद वेळेवर झालेल्या नोंदीइतकीच वैध असते आणि नोंदणीची तारीख मागे नेण्याचा प्रयत्न करावयाचा नसतो. वारसा मृत्यूच्या तारखेवरून ठरतो, नोंदणीच्या तारखेवरून नव्हे. नाव किंवा पत्ता यांत लिपिकाची चूक आढळली तर कलम १५ खाली दुरुस्ती होते, आणि ती दाखला नवा असतानाच मागणे सोयीचे.

आत्याने प्रतिज्ञापत्रावर सही केली, तेव्हा घराच्या हिश्श्याविषयी कोणी काही बोलले नव्हते. तहसीलमधून परतताना नातवाने तिला स्वतःहून सांगितले, “आत्या, आजीच्या हिश्श्यातले दोन आणे तुमचे आहेत. कागदावर तुमचं नाव लागेल.” आत्या म्हणाली, “आधी आईची नोंद होऊ दे. बाकीचं मग बघू.” तिचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीनेही योग्य होते. हिस्सा सोडण्याच्या अटीवर मृत्यूबद्दलचे प्रतिज्ञापत्र घेणे किंवा देणे, दोन्ही घातक. साक्ष आणि सौदा एकत्र आले की साक्षीची किंमत जाते. ज्या वारसाला हिस्सा सोडावयाचा असेल त्याने मिळकत पत्रिकेवर नाव लागल्यानंतर, पूर्ण समजून, नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. ज्याला ठेवावयाचा असेल त्याने ठेवावा.

नगर भूमापन कार्यालयात दोन्ही दाखले दिल्यावर मिळकत पत्रिकेवर चार नावे लागली : सून, नातू, नात आणि जयसिंगपूरची आत्या.